जात्यावर मांडलेला अर्ज

आमच्या घरात सगळ्यांना ऐकायची पूर्ण मुभा होती. बोलायचं काम वडिलांनी एकट्यानं अंगावर घेतलं होतं. नाशिकजवळ आमचा झेंडूचा मळा. मी सातवी पास झाले आणि त्यांनी जाहीर केलं, "शाळा लय झाली. आता तोडणीला लाग."

आई बोलायची ती फक्त पहाटे, जात्यावर. ओवीत सुनेनं काहीही म्हटलं तरी ते उलट बोलणं धरत नसत, आणि ओवीला कुणी जाब विचारायचा नाही. एरवी तिच्या ओव्यांत भाऊच फार. तो घोड्यावरून साडीचोळी घेऊन यायचा. खरा मामा तीन वर्षांतून एकदा एसटीनं यायचा आणि आमच्याकडूनच वांगी घेऊन जायचा.

त्यातच गावात पिठाची गिरणी आली. "बायकांचे कष्ट मिटले," वडील चारचौघांत असं सांगत, जणू तोवर तेच दळत होते. कष्ट मिटले हे खरंच. पण गिरणीच्या धडधडीत गाणार काय? जातं कोपऱ्यात गेलं आणि आईची बोलायची जागाही.

शाळा उघडायला चार दिवस राहिले. आई म्हणाली, "गिरणीचं पीठ गरम येतं, भाकरी चिरते." भाकरी मुळीच चिरत नव्हती. पहाटे तिनं जातं मांडलं. खुंट्याला दुसरा हात हवा म्हणून समोर आजी बसली, म्हणजे तिची सासू. मला वाटलं, संपलं सगळं. ओसरीवर वडील घोंगडीत होते. आईनं डाव्या हातानं बाजरीचा घास टाकला, जातं जड झालं, आणि त्याच संथ ओढीवर तिनं सूर लावला:

झेंडू तोडूनी बाई, माझ्या बोटां लागे रंग
लेकीच्या गं बोटाला, शाईचा ऱ्हाऊ दे संग

समोरचीनं ओवी उचलायची, ही रीत. आजीनं एक फेरा नुसताच जाऊ दिला. मग म्हणाली:

अंगठा उठविला, भावाच्या गं कागदावरी
काय होतं लिहिलेलं, कळलं नाय जन्मभरी

आजीच्या माहेरच्या जमिनीतला वाटा कसा गेला, ते घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. आईचा हात थांबला. आजी म्हणाली, "थांबू नको गं, घास टाक." ओसरीवरचं घोरणं केव्हाच बंद झालं होतं.

सकाळी चहा पिताना वडील म्हणाले, "मी ठरवलंय, पोरीला आठवीत घालायचं." हा निर्णय शेवटपर्यंत त्यांचाच राहिला.

पुढं मी नाशिक रोडला शिक्षिका झाले. मुलांना ओवीची वैशिष्ट्यं लिहायला लावते, पाच गुणांना. आई गेली तेव्हा तिच्या ओव्या आठवायला बसले. शेकडो ऐकल्या होत्या. या दोनच निघाल्या, त्यातली एक आजीची. मला लिहिता यावं म्हणून आई गायली, आणि तिचं गाणं लिहून घ्यावं हे मला एकदाही सुचलं नाही.