खातं बंद, जॉब बंद

अंबरनाथच्या आमच्या औषध कारखान्यात निरोप समारंभ कँटीनमध्येच होतात. डेटाबेस सांभाळणारे सर सोडून चालले होते आणि त्यांच्या जागी मी आलो होतो. व्यवस्थापक माइकवरून आमचा डेटा म्हणजे अभेद्य किल्ला असल्याचं सांगत होते. मी मागच्या बाकावर सरांची हँडओव्हर नोट वाचत होतो.

नोट नीटस होती. दर अर्ध्या तासाला लॉग बॅकअप, म्हणजे तेवढ्यात झालेल्या नव्या नोंदींची प्रत, संध्याकाळी पूर्ण बॅकअप, त्याची प्रत उल्हासनगरच्या ऑफिसात. पासवर्ड नोटेत नाहीत, तिजोरीसारख्या एका प्रणालीत आहेत. दोघांच्या मंजुरीशिवाय ती उघडत नाही. मग शेवटचं पान, ज्ञात धोके. पहिलाच धोका: ‘मी. बॅकअपचे सगळे जॉब, म्हणजे आपोआप चालणारी कामं, माझ्या लॉगिनने चालतात. खातं बंद झालं की थांबतील. थांबल्याची मेलही माझ्याच मेलबॉक्सला येते.’

माझ्या हातातला समोसा तसाच राहिला. शेजारी एचआरच्या मॅडम होत्या.

‘मॅडम, सरांचं खातं कधी बंद करणार?’

‘केलं की! जेवणाच्या सुट्टीतच. शाल घालायच्या आधी बंद करतो आपण. नंतर सगळे फोटोत अडकतात.’

म्हणजे दुपारपासून एकही बॅकअप झाला नव्हता, आणि ते सांगायला कोणी नव्हतं. त्या वेळात डिस्क गेली असती, तर दुपारपासूनच्या प्रत्येक बॅचची नोंद गेली असती.

शाल पांघरलेल्या सरांकडे गेलो. ‘सर, हे आधी सांगायचं ना!’

‘अरे, आयटीकडे तीनदा तक्रारीचं तिकीट टाकलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, “नोटेड”. चौथ्यांदा काय, आरती करू?’

पासवर्डची तिजोरी उघडायला दुसरी मंजुरी व्यवस्थापकांची लागायची आणि ते अजून किल्ल्यातच होते. मी स्टेजवर जाऊन त्यांच्या कानात सांगितलं. ते माइकमध्येच म्हणाले, ‘आत्ता? बॅकअप बंद?’ कँटीन चिडीचूप. एक जण मात्र सवयीने टाळ्या वाजवून गेला.

त्यांनी फोनवर मंजुरी दिली. सर सर्व्हर रूमच्या दारापर्यंत आले आणि थांबले. आता ते बाहेरचे होते. मी जॉबसाठी कोणा माणसाच्या नावाचं नसलेलं वेगळं सेवा खातं केलं, हवे तेवढेच अधिकार दिले, सूचना साऱ्या टीमच्या मेलवर वळवल्या. लॉग बॅकअप चालला. दुपारपासूनचं सगळं त्यात आलं. मग पूर्ण बॅकअप घेतला आणि चाचणीच्या मशीनवर उघडून पाहिला.

‘उघडला?’ दारातून सरांनी विचारलं.

‘उघडला.’

‘मला नेहमी वाटायचं, एकदा तरी उघडून बघावा. राहूनच गेलं,’ ते म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते चेष्टा करत नव्हते.