कुडापलीकडची कालवड

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटत होता. त्याला दुसरं नाव द्यायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण हेवा तो हेवाच.

मुरबाड तालुक्यातलं आमचं गाव, समोर सिद्धगड. घरं वेगळी झाली तरी गोठा एकच राहिला, मध्ये कारवीच्या काठ्यांचा कुड घातला एवढंच. अलीकडे माझी गाय, पलीकडे तिची. गावात कुणाची गाय अडली, कुणाचं वासरू आंचळाला लागेना, की निरोप मला यायचा. चीक पाजण्यापासून बादलीतलं दूध प्यायला शिकवण्यापर्यंत सगळं माझ्या हातातलं. लोक म्हणत, थोरलीच्या हाताला गुण आहे. मला ते ऐकायला फार आवडायचं.

आणि ही धाकटी शहापुराकडून आलेली, तानसा धरणाजवळच्या गावची. माहेरी गुरांच्या डॉक्टरांच्या शिबिराला बसली होती म्हणे. चार दिवस सतरंजीवर बसून गुरं कळतात होय, असं मी सासूबाईंना ऐकवलं होतं.

त्या हिवाळ्यात आमच्या दोन्ही संकरित गाई आठ दिवसांच्या अंतराने व्यायल्या. दोघींना कालवडीच झाल्या. माझी मोठी, तजेलदार. मी तिला दूध हात आखडता न घेता पाजत होते. पलीकडे मापाने दूध, आणि वासरू आठवड्याचं व्हायच्या आत दुधाच्या बादलीशेजारी एक घमेलं आणि आणखी एक बादली. घमेल्यात भरडलेला, दाणेदार, गुळासारखा वास येणारा खुराक. ती त्याला स्टार्टर म्हणायची. सासूबाई म्हणाल्या, "दुधातलं पोर ते, त्याला दाना कशाला गो?" ती नुसती हसली.

महिन्याभरात सासूबाईंची भाषा बदलली. सकाळी चहा माझ्याकडे घ्यायच्या आणि पेला ठेवून कुडापलीकडे जायच्या. "तिची कालवड बघ, रवंथ कराया लागली. तुजी अजून दुधावरच हाय." दिवसातून दोनदा तरी हे ऐकावं लागायचं. घास गोड लागेना.

धाकटीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण तिला विचारायचं म्हणजे गावाने दिलेलं नाव तिच्या दारात नेऊन ठेवायचं. मी कुडाच्या फटीतून बघितलं. तिने वासराला दूध पाजलं, रिकाम्या बादलीपाशी मूठ नेली आणि खुराक कुठेतरी खाली गेला. मी ठरवून टाकलं, ही दुधात कालवते. दुसऱ्या बादलीतलं पाणी मला दुधाची बादली विसळायला ठेवलेलं वाटलं. एवढ्या लहान वासराला कुणी पाणी ठेवेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे दुधातल्या वासराला पाणी दाखवत नाहीत, पोट बिघडतं म्हणतात.

ती डेअरीवर दूध घालायला गेली की मी कुडाच्या कडेने पलीकडे जायचे. पत्र्याच्या डब्यातला खुराक दोन मुठी पदरात घ्यायचे. अलीकडे येऊन तो कोमट दुधात कालवायचे आणि कालवडीला पाजायचे. घटाघटा प्यायची. मला वाटलं, जिंकलं.

कालवडीला हगवण लागली. मी मीठमिरच्या घेऊन तिची दृष्ट काढली. कुणाची दृष्ट ते मनात म्हणत होते, आणि कुडापलीकडून धाकटीच्या बांगड्या वाजत होत्या. खुराक थोडा कमी केला, हगवण थांबल्यासारखी झाली. मी पुन्हा वाढवला.

असे दोन महिने गेले. पलीकडे कालवडीचं दूध कमी होत गेलं. आधी एक वेळचं, मग आठवड्याने दुसऱ्या वेळचंही. तिची कालवड घमेलं चाटूनपुसून साफ करायची, पाणी प्यायची आणि बसून रवंथ करायची. ज्या दिवशी तिचं दूध अगदी बंद झालं, त्याच दिवशी मीही माझ्या कालवडीचं एकदम तोडलं. तिच्या मागे राहायचं नव्हतं.

माझी कालवड हंबरायला लागली. समोर कोरडा खुराक ठेवला तर हुंगून तोंड फिरवायची, दावं चोखत बसायची. तिसऱ्या दिवशी बरगड्या दिसायला लागल्या. चौथ्या दिवशी तिचा आवाजच बसला. गावातला प्रत्येक जण माझ्या दारावरून जाताना थांबत होता आणि मी कामात असल्यासारखं दाखवत होते. मात्र रडू आलं ते गावासाठी नव्हतं. कालवड बसली की उठायला बघत नव्हती.

मुरबाडहून डॉक्टर आले. त्यांनी डाव्या कुशीत हात दाबला. "हिचं कोठीपोट, रवंथाचं पहिलं पोट, वाढलेलंच नाही. काय देत होतात?"

मी सांगितलं. धाकटी कुडापाशी येऊन उभी होती, तरी सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. वासरू दूध पितं तेव्हा आत एक पन्हळ तयार होते, म्हणाले, आणि दूध कोठीपोट चुकवून सरळ शेवटच्या पोटात जातं. दुधात कालवलेला दाणाही त्याच वाटेने जातो. दाणा कोरडा खाल्ला आणि वर पाणी प्यायलं, तरच तो कोठीपोटात पडून आंबतो, आणि त्या आंबण्यानेच ते पोट वाढतं, त्याला आतून बारीक बारीक बोटं फुटतात. "तुम्ही दोन महिने दाणा दिलात बाई, पण त्या पोटाला त्यातला फारसा पोचलाच नाही."

त्यांनी दूध पुन्हा सुरू करायला सांगितलं, मापाने. आणि शिकवायला धाकटी आहेच, म्हणाले.

धाकटी अलीकडे आली. कालवडीचं दूध पिऊन झालं आणि ती अजून ओठ चाटत होती, तेवढ्यात धाकटीने चिमूटभर कोरडा खुराक तिच्या तोंडात सारला. कालवडीने अर्धा थुंकला, अर्धा चघळला. फटीतून मला दिसलेली मूठ ती हीच. उरलेला खुराक तिने घमेल्यात ठेवला. शेजारच्या बादलीत स्वच्छ पाणी ओतलं.

मी म्हटलं, "तुझ्या डब्यातलं मी घेत होते."

"ठावं हाय, ताई."

"मग बोलली का नायस?"

"बोलले असते तर तुमी घ्यायचं बंद केलं असतं. तुमचा सोभाव मला ठावं नाय काय? म्हणून मी डबा वरपर्यंत भरून ठेवायची." ती घमेल्यातले दाणे सारखे करत होती. "मला वाटलं, कोरडाच चारता. नायतर मीच येऊन सांगितलं असतं."

तिचे आभार मानायला हवे होते. मला राग आला. माझी चोरीसुद्धा तिनेच मला वाढली होती.

पहिले दिवस कालवड मूठभरच खायची. मग ओंजळ, मग अर्धं घमेलं. दिवसाला किलोभर खुराक सलग तीन दिवस खाल्ला, तेव्हा धाकटीच्या सांगण्यावरून मी दूध एका वेळेवर आणलं आणि आठवड्याने तेही थांबवलं. त्या सकाळी मी कान देऊन बसले होते. कालवड हंबरली नाही. घमेलं संपवलं, पाणी प्यायली, बसली, आणि तिचा जबडा आडवा हलायला लागला.

"धाकटीनं वाचवली गो," सासूबाई म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

आता गावात वासरू अडलं की निरोप कुडाच्या पलीकडे जातो. ती निघताना मला हाक मारते, मीही जाते, कारण बादलीने प्यायला शिकवणं अजून माझंच आहे. पण रोज सकाळी तिची पावलं वाजली की माझी कालवड खाणं सोडून कुडाकडे मान लांब करते. मग मी घमेलं वाजवते, गरजेपेक्षा जरा जोरातच.