मुदतीआधीची शाल

आमच्या कंपनीत खंडेनवमीला यंत्रं धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालायचे, पेढे वाटायचे आणि त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांना शाल-श्रीफळ द्यायचे. वागळे इस्टेटमधल्या त्या कारखान्यात विजेच्या पॅनेलसाठी पितळी भाग बनत आणि त्यांच्या गुणवत्ता तपासणीचा विभाग माझ्याकडे होता. लोकांचे सत्कार मी वर्षानुवर्षं मागच्या रांगेतून पाहिले होते. निवृत्तीचं वय अठ्ठावन्न आणि मी त्रेपन्नची, त्यामुळे त्या वर्षी माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा बक्षीस वगैरे असेल असं वाटून मी पुढे गेले.

एचआरच्या प्रमुखांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली. ही बाई पस्तिशीची, पुण्याहून नवी आलेली, बोलायला फार गोड. नुसतं निवृत्तांचंच का करायचं, पन्नाशी ओलांडलेल्या सगळ्या ज्येष्ठांचा मान राखू या, अशी तिची कल्पना. हेतू चांगलाच होता. माझ्याबरोबर आणखी दोघांना शाली मिळाल्या, आणि त्यातला एक तर खरोखरच पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होता. टाळ्या सगळ्यांसाठी एकत्रच वाजल्या.

त्याच दुपारी पॅकिंगमधल्या एका बाईने हात धरून विचारलं, "मॅडम, शेवटचा दिवस कधी?" मी हसून अजून अवकाश आहे म्हटलं. पुढच्या आठवड्यात रॉड पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला. त्याला माझ्या जागी कोण येणार ते हवं होतं, म्हणजे आधीच ओळख करून घेता येईल. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. आमच्याकडे एकदा शाल पडली की माणूस गेला, हे सगळ्यांना इतकं पाठ होतं की मी रोज वेळेवर येऊन समोर बसलेली असूनही काही उपयोग नव्हता.

हळूहळू काम हातातून निघू लागलं, तेही अत्यंत आदराने. ग्राहकाचे लोक भेटीला आले की माझ्याच हाताखाली तयार झालेला इंजिनियर पुढे व्हायचा आणि म्हणायचा, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता? मी बघतो ना." मुलगा गुणी होता, मनात काही कपट नव्हतं. तपासणीच्या नोंदी कागदावरून टॅबवर नेणारी नवी प्रणाली आली, तेव्हा प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी एचआरकडे गेले.

"मॅडम, तुमचा अनुभव इतका मोठा आहे," ती म्हणाली, "तुम्हाला परत मुलांबरोबर वर्गात बसवणं आम्हालाच बरं नाही वाटलं."

कुणी अपमान केला तर भांडता येतं. मानाशी कसं भांडायचं हे मला कळेना, आणि राग मात्र आला होता. घरी डोंबिवलीला येऊन तो मी कुकरवर काढला.

नवरा बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी होता. "अगं, आता बास की," तो म्हणाला. "जातेस कशाला मरायला? आराम कर." त्याचा आराम मी रोज पाहत होते. सकाळी पेपर, दुपारी झोप आणि संध्याकाळी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून वाद. मला ते नको होतं. मला काम आवडत होतं, इतकं साधं होतं ते. एखाद्या भागात खोट कुठे आहे ते शोधून काढायचं आणि ती परत येणार नाही अशी व्यवस्था लावायची, यात मला जेवढी मजा येते तेवढी दुसऱ्या कशात येत नाही. आणि माझ्याकडून तेच काढून घेतलं जात होतं.

म्हणून मी बाहेर अर्ज केले. घोडबंदर रोडच्या एका कंपनीसाठी नोकरी लावून देणाऱ्या एजन्सीतल्या मुलीने फोनवर छान गप्पा मारल्या, मग पदवीचं वर्ष विचारलं, आणि ते ऐकून म्हणाली, "ॲक्च्युअली मॅम, क्लायंटला जरा यंग टीम हवीय." दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोहोचले. आदल्या रविवारी केस रंगवले, बायोडेटातून पदवीचं वर्ष आणि पहिल्या दोन नोकऱ्या काढून टाकल्या. मुलाखत घेणाऱ्याने कामाचं काहीच विचारलं नाही. त्याचा एकच प्रश्न होता, "मी तुमच्यापेक्षा बराच लहान आहे. माझ्याखाली काम करायला तुम्हाला ऑकवर्ड नाही ना होणार?" मी नाही म्हटलं. त्यालाच होत होतं हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पुढे तिकडून काहीच कळवलं गेलं नाही. केसांचा रंग तेवढा उशीवर उतरला.

माझे पहिले साहेब नौपाड्यात राहतात. साठी उलटली तरी महिन्यातले निम्मे दिवस त्यांचा पाय घरात नसतो, कारण ते ऑडिटर आहेत. कारखान्यांना गुणवत्तेचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था असतात, त्यांच्या वतीने कारखाने तपासत फिरतात. त्यांच्याकडे मी गेले ती खरं तर रडगाणं गायला. त्यांनी चहा होईपर्यंत ऐकून घेतलं.

"तू चुकीच्या दुकानात माल विकतेयस," ते म्हणाले. "तिथे वय लपवावं लागतं. आमच्याकडे पांढरे केस बघून लोक फाइली मुकाट्याने बाहेर काढतात."

"म्हणजे सर, नोकरी सोडू?"

"अजिबात सोडू नकोस. नोकरीत असतानाच सगळं उरकून घे. आणि त्या टॅबचं प्रशिक्षण आधी घे. उद्या तू तपासायला जाशील तिथे नोंदी कागदावर मिळणार नाहीत. तेव्हा वय आड येणार नाही, अडाणीपणा येईल."

हे शेवटचं मला झोंबलं, आणि म्हणूनच लागू पडलं. दुसऱ्या दिवशी मी कारखान्याच्या प्रमुखांना लेखी कळवलं की विभाग माझ्याकडे आहे तोवर त्याच्या नोंदी मला वाचता आल्या पाहिजेत, तेव्हा मी प्रशिक्षणाला बसणार. नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही. मी बसले. फार चमकले असं नाही. पहिल्या दिवशी एका नोंदीत चुकीचं माप भरलं आणि ते पुसता पुसता अख्खं पान गेलं. शेजारचा तो गुणी इंजिनियर मदतीला वाकला, तेव्हा मी त्याला म्हटलं, "तू करू नकोस रे, फक्त सांग." त्याने सांगितलं. तिसऱ्यांदा जमलं.

मग ऑडिटरचा कोर्स. पाच दिवसांचा, शेवटी परीक्षा. माझी रजा भरपूर साठलेली होती, ती कामी आली. परीक्षा पास झाल्यावर एका प्रमाणन संस्थेकडे अर्ज केला. तिथल्या माणसाने मी कुठल्या उद्योगात किती वर्षं प्रत्यक्ष काम केलंय ते नीट विचारलं, कारण ज्या उद्योगातला अनुभव असेल तिथलीच ऑडिटं मिळतात. मी बायोडेटातून काढून टाकलेल्या पहिल्या दोन नोकऱ्या परत घातल्या. एक पत्र्याच्या कामाची होती, दुसरी मोटरच्या वायंडिंगची. दोन्हींचा उपयोग झाला.

पूर्ण ऑडिटर व्हायच्या आधी शिकाऊ म्हणून जुन्या ऑडिटरांबरोबर फिरावं लागतं, आणि नोकरीत असलेल्याला त्यासाठी मालकाची परवानगी लागते. मला धास्ती होती ती हीच. मी अर्ज घेऊन एचआरकडे गेले. ती वाचून प्रसन्न झाली. "किती छान, मॅडम! काहीतरी विरंगुळा हवाच ना या वयात." आणि तिथल्या तिथे सही केली. तिशीतल्या माणसाने हाच अर्ज दिला असता तर हा पळायच्या तयारीत आहे हे तिने दारातच ओळखलं असतं. माझ्या बाबतीत तिच्या मनातही आलं नाही. त्या शालीचा तेवढा एक फायदा झाला, तो मी पुरेपूर घेतला.

चोपन्नाव्या वर्षी मी शिकाऊ झाले. लोकांच्या कारखान्यात गप्प बसून लिहून घ्यायचं आणि संध्याकाळी मुख्य ऑडिटरकडून बोलणी खायची. नवरा म्हणायचा, हौसेने मार खायला जाणारी पहिलीच बघतोय. पुढच्या वर्षी कंपनीने उत्पादन भिवंडीला हलवायचं ठरवलं आणि आम्हा शालवाल्यांना सांगितलं, पाहिजे तर वर्षभर सल्लागार म्हणून राहा. तोवर माझं नाव संस्थेच्या ऑडिटरांच्या यादीत लागलं होतं. मी राजीनामा दिला. निरोपाचं विचारायला एचआर आली, तेव्हा मी म्हटलं, "सत्कार झालाय की माझा." ती ओशाळली. मला जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

हे सगळं सोपं झालं असं सांगणार नाही. ऑडिटं मिळतात तेव्हा लागोपाठ मिळतात आणि नाही तेव्हा महिना कोरडा जातो. फोन वाजला नाही की मला अजूनही तो रॉडवाला आठवतो.

गेल्या महिन्यात डोंबिवली एमआयडीसीत एका कारखान्यात गेले होते. मालक आणि त्याचा मुलगा मिळून चालवतात, काम चोख आहे. पण मापं घ्यायच्या एका मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे तो अचूक मोजतोय ना हे तपासून घ्यायची, मुदत उलटून गेली होती, आणि टॅबवरच्या नोंदीत मात्र त्याच मायक्रोमीटरने रोज मापं घेतलेली दिसत होती. कॅलिब्रेशनची तारीख आणि रोजच्या मापांची नोंद शेजारी शेजारी उघडून मी त्यांना दाखवलं. मुलाने कपाळाला हात लावला. शेवटच्या बैठकीत मी निष्कर्ष वाचून दाखवले, सह्या झाल्या, आणि मालक उठून आतून तबक घेऊन आले. त्यात शाल होती, श्रीफळ होतं.

मी पेन बंद केलं आणि उभी राहिले.

"नाही, साहेब," मी म्हटलं. "ऑडिटरला काही घेता येत नाही."

"भेट नाही हो ही, मॅडम. मान आहे."

"मान म्हणून तर मुळीच नको. मुदतीत मायक्रोमीटरचं काम करून पुरावे पाठवा."

त्यांनी तबक टेबलावर ठेवलं. वाईट वाटलेलं दिसत होतं, पण समजून घेतलं. मी बॅग भरली आणि ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. रिक्षा थांबवून, जरा दबकत त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी तपासणीला तुम्हीच येणार ना?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. "संस्थेने पाठवलं तर येईन," मी म्हटलं, आणि रिक्षात बसल्यावर फोन काढून पुढच्या वर्षीच्या त्या महिन्यात त्यांच्या कारखान्याचं नाव लिहून ठेवलं.