मामाची छाती आणि माझं अर्धं ज्ञान

मामाला टीबी नाही, हे आमच्या घरात मीच जाहीर केलं होतं. दवाखान्याचे कागद वाचता येणारा घरात मी एकटा, त्यामुळे डॉक्टरांच्या खालोखाल माझाच मान.

त्यात थोडं खरंही होतं. मामाने चोवीस वर्षं दगडाच्या खाणीत ड्रिल चालवलं. खडकाला भोक पाडताना ड्रिलला पाण्याची नळी जोडायची असते, म्हणजे धूळ चिखल होऊन खाली बसते. पण चिखलात काम रेंगाळतं आणि मजुरी भोकांच्या हिशोबाने. म्हणून मामा आणि त्याचा जोडीदार नळी बाजूला टाकायचे आणि तोंडाला रुमाल बांधायचे. बारीक धूळ त्या रुमालातून स्वतःच्या घरात शिरल्यासारखी शिरायची.

गेल्या वर्षी छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक ठिपके दिसले. थुंकीत जंतू नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा सिलिकोसिस. दगडाच्या धुळीचे व्रण. हे भरून येत नाहीत, आणि दुसऱ्याला लागतही नाहीत. पण अशा छातीत टीबी पटकन शिरतो. ताप आला, वजन घटलं, तर लगेच या. आणि धुळीतलं काम बंद."

'लागत नाहीत' एवढं मी घरी आणलं. पुढचं सगळं दवाखान्याच्या बाकावर विसरलो.

मामा खाणीवर जातच राहिला. या वर्षी त्याला संध्याकाळी कणकण यायला लागली. पँट कमरेवर थांबेना म्हणून त्याने सुतळी बांधली.

"अरे, हा ताप कसला रे?" मामीने विचारलं.

"धूळच आहे मामी. नका घाबरू."

"बघ रे बाबा. तू शिकलेला."

मामाची दोन वर्षांची नात, मुंगी, रोज त्याच्या छातीवर डोकं ठेवून झोपायची. त्याचा श्वास शीळ घालायचा, ते तिला फार आवडायचं. मीच तिला उचलून तिथे ठेवायचो.

मग एका सकाळी खाणीवर मामाच्या रुमालात रक्त आलं. राखाडी रुमालावर ते फारच लाल दिसत होतं. जोडीदाराने त्याला रिक्षात घातलं, वाटेत मामीला आणि मला घेतलं आणि दवाखान्यात पोचल्यावर भाडंही त्यानेच दिलं. माझ्या खिशात फक्त जुने रिपोर्ट होते.

मामाने खोलवरून खोकून डबीत थुंकी दिली. दुपारी यंत्राचा निकाल आला.

"जंतू आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हणजे धूळही आहे आणि टीबीही. मुख्य औषध लागू पडेल असं दिसतंय, ते बरं. ताप कधीपासून?"

"दोन महिने," मामी म्हणाली.

"दोन महिने? आणि आत्ता आलात?"

मामी माझ्याकडे बघेना. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"घरात लहान कोण?"

"नात. दोन वर्षांची."

"खोकते का?"

"चार दिवस झाले," मामी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुंगीला नेलं. वजन केलं, छातीचा फोटो काढला. तो हाती येईपर्यंत मी भिंतीवरची सूचना इतक्या वेळा वाचली, की तिच्यातल्या काना-मात्रा मोजून झाल्या. मास्क लावून शेजारी बसलेला मामा म्हणाला, "काय शास्त्रीबुवा, आज काही जाहीर करणार नाही का?"

मी पुन्हा भिंतीवरच्या सूचनेकडे वळलो.

"तुझी एकट्याची नाही रे चूक," तो हळूच म्हणाला. "मलाही 'धूळच' ऐकायचं होतं. टीबी म्हटलं असतं तर खाण सुटली असती."

फोटो स्वच्छ होता. वजन नीट, ताप नाही. खोकला साधा दिसतोय, पण आठवड्याने पुन्हा दाखवा, असं सांगितलं. त्या आठवड्यात मी रात्रंदिवस तिचा श्वास ऐकत होतो. शीळ नव्हती. खोकला गेला, तेव्हा टीबी होऊ नये म्हणून तिचंही औषध सुरू झालं.

मामाचं औषध इतरांपेक्षा जास्त महिने चालेल, कारण छातीत धूळ आहे. टीबी बरा होईल. धुळीचे व्रण तसेच राहतील. परवा चार पायऱ्या चढून तो कठडा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "थांब, इंजीन तापलंय." मीही थांबलो. त्याच्या निळसर पडलेल्या ओठांकडे बघवत नव्हतं.

रिक्षाचं भाडं परत करायला मी तीनदा खाणीवर गेलोय. जोडीदार लांबूनच मला ओळखतो आणि ड्रिल सुरू करतो. मी थुंकी तपासायला चल म्हणेन, हे त्याला माहीत आहे. काल जवळ गेलो तर धुळीतून ओरडला, "राहू दे रे पैसे! मला काही झालेलं नाही!" आणि वाकून खोकायला लागला.

पैसे अजून माझ्याच खिशात आहेत.