कोयबगारचं नाव

बॉयलरघरात कोयबगार एसिर्केपोव गैरहजर आहे, हे पाळीवाल्यांनी तीन सह्यांनिशी लिहून दिलं होतं. महिना उलटल्यावर कर्मचारी विभागातल्या झोया पाव्लोव्ना यांनी नोंदणीकृत पत्र धाडलं: गैरहजेरीचं कारण कळवा, अन्यथा पत्र मिळाल्यापासून दहा दिवसांनी नोकरी संपुष्टात आणली जाईल.

कोयबगार विधुर. वसतिगृहातल्या खोलीत एकटाच राहायचा. दाराला कुलूप होतं; शेजाऱ्यांनी ते पाहिलं आणि पुढे गेले. कागदोपत्री पत्ता गावचा, धाकट्या भावाच्या घरचा. पोच आली, सही भावजयीची. उत्तर मात्र नाही.

मुदत संपल्यावर झोया पाव्लोव्नांनी त्याच्या कार्डावरचा गावचा नंबर फिरवला. त्यांना कझाख भाषा जेमतेम येई.

"कोयबगार आहेत का?"

"ते नाव मी नाही घेणार," पलीकडून बाई म्हणाली.

"म्हणजे तुमच्याकडे राहत नाहीत?"

"आमच्याकडे मिर्झा-आगा आहेत. झोपून असतात."

झोया पाव्लोव्नांनी फोन ठेवला आणि बडतर्फीचा आदेश टाइप करायला घेतला. पाळीचा जुना सोबती इब्राय चहाचं पातेलं घेऊन आत आला.

"पत्ताच खोटा निघाला," त्या म्हणाल्या. "तिथे कुणी मिर्झा-आगा राहतो. बाई म्हणते, ते नाव घेणार नाही."

इब्रायनं पातेलं खाली ठेवलं. "झोया पाव्लोव्ना, इतकी वर्षं इथे काढलीत ना? मिर्झा-आगा म्हणजे तोच, दीर आहे तो तिचा! मोठ्या दिराचं नाव सून घेईल का? आमच्यात मेंढीला 'कोय' म्हणतात, ते त्याच्या नावात येतं, म्हणून मेंढीलासुद्धा ती 'बें-बेंवाली' म्हणत असेल!"

"मला वाटलं, कटकट टाळतेय."

त्यानं स्वतः फोन लावला. "सूनबाई, नाव घेऊ नका. डाव्या भुवईवर भाजल्याचा डाग आहे?"

"आहे. आठवड्याच्या सुट्टीला गावी आले, बसमधून उतरताना कोसळले. जिल्ह्याच्या इस्पितळात होते. एक बाजू गेली, बोलणंही गेलं."

"मग कळवलं का नाही?"

"कुणाला? कुठे काम करतात, ते आम्हाला कधी बोललेच नाहीत. पत्र ठेवलंय तसंच. आमचे मालक मेंढ्यांबरोबर चराईच्या छावणीवर आहेत, आले की उघडतील."

झोया पाव्लोव्नांनी कागद टंकयंत्रातून ओढून काढला. "इस्पितळाचा दाखला पाठवायला सांगा. तो आला की आजारपणाची रजा लावते."

इब्रायनं निरोप दिला. मग म्हणाला, "फोन त्यांच्या कानाला लावा."

त्या घरात भावजय नाव घेत नव्हती, भाऊ 'आगा', म्हणजे दादा, म्हणायचा, मुलं आदरानं 'आता', म्हणजे आजोबा. नावानं हाक मारणारी बायको केव्हाच गेली होती. नावानं बोलावणारं बॉयलरघर तेवढं उरलं होतं.

"कोयबगार," इब्राय म्हणाला. "अरे कोयबगार! तुझी जागा आहे रे. ऐकतोयस ना?"

पलीकडे श्वास तेवढा ऐकू येत होता. इब्राय उभाच राहिला. पातेल्यातला चहा गार झाला.