गरगर फिरणारा तवा

बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत आमच्याकडे विजेची शेगडी होती. वर सपाट लोखंडी तबकडी. गॅसचा नंबर लागायचा होता आणि रॉकेलच्या स्टोव्हला वैतागून मी तो माळ्यावर टाकला होता. त्या शेगडीसाठी माझ्या बहिणीने मुंबईहून नॉनस्टिकचा तवा पाठवला. आमच्या चाळीतला तो पहिलाच, म्हणून बायका हात लावून बघून गेल्या.

तवा हौसेचा नव्हता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला गावी राहणाऱ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, हृदयाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी तेल बंद केलं, म्हणून आबा आणि सासूबाई आमच्याकडे राहायला आले. बिनतेलाचं काहीही पुढे ठेवलं की आबा ताट सरकवत. फक्त या तव्यावरचं बिनतेलाचं घावण तेवढं ते खात. दीड महिना सगळं सुरळीत चाललं.

मग तवा डुगडुगू लागला. उलथनं लावलं की गरकन फिरायचा. मी एका हाताने दांडी धरायची, दुसऱ्याने घावण सोडवायचं, आणि तेवढ्यात शाळेची वेळ व्हायची. मी तिथल्या प्राथमिक शाळेत शिक्षिका, सकाळची शाळा. पीठ सगळं मधे गोळा व्हायचं. तेवढाच भाग तबकडीला टेकलेला, त्यामुळे मधे करपायचं आणि कडा कच्च्या. आबांनी एक घास घेतला, थांबले आणि पाणी पिऊन उठले. चार दिवस हेच. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता आणि मला त्या तव्याला खिडकीतून भिरकावून द्यावंसं वाटत होतं.

पण तव्यावर किती रागवणार? मी सासूबाईंना धारेवर धरलं. गावी बिडाच्या तव्यावर घावण घालताना त्या दोन घावणांच्या मधे मिठाच्या पाण्याचा शिंतोडा मारत. इथेही एकदा मारताना मी पाहिलं होतं.

"आई, हा बिडाचा तवा नाही हो! किती वेळा सांगायचं? घालवलात ना शेवटी!"

मी एकदाच बोलले असते तर ठीक होतं. रोज बोलले. आबांसमोर बोलले, शेजारणीसमोरही. त्यांनी स्वयंपाकघरात येणंच सोडलं. पायरीवर तांदूळ निवडत बसायच्या. मला वाटलं, अपराधी वाटतंय त्यांना.

रविवारी नवऱ्याला म्हटलं, "अहो, कारखान्यातली एवढी यंत्रं दुरुस्त करता, एक तवा होत नाही तुमच्याने?" ते फिटर. त्यांनी तवा पालथा घातला आणि बुडावर स्टीलची पट्टी आडवी धरली. पट्टी मधे टेकली, दोन्ही बाजूंनी उजेड दिसला.

"पोट सुटलंय त्याचं," ते म्हणाले. "पातळ ॲल्युमिनियम आहे. शेगडी फुल ठेवली की मधला भाग आधी तापतो, फुगायला बघतो, पण कड घट्ट असते, ती सरकू देत नाही. मग मधला भाग खाली उतरतो. रिकामा तापवला तर जास्तच."

"आणि शिंतोडा?"

"चार थेंबांनी एवढं नाही व्हायचं. कडकडीत तापलेला तवा कोणीतरी अख्खा नळाखाली धरलाय. तेही रोज."

माझ्या हातातलं फडकं हातातच राहिलं. शाळेची घाई. शेवटचं घावण उतरवलं की मी तवा थेट मोरीत न्यायचे आणि नळ सोडायचे. चर्रर्र आवाज व्हायचा, वाफ यायची. झटकन स्वच्छ होतो म्हणून मला त्याचं कौतुकच वाटायचं.

त्यांनी पाटावर गोणपाटाची घडी ठेवली, तवा पालथा टेकवला आणि लाकडी हातोडीने बुडावर हलक्या हाताने ठोकत गेले. बूड किंचित आत राहू दिलं; तापल्यावर ते जरा खाली येतंच, म्हणाले. थंड असताना तवा छान बसला. मला हायसं वाटलं. शेगडी लावली, दहा मिनिटांत 'टक्' आवाज झाला आणि परत गरगर. एकदा ताणलेला पत्रा सहसा पहिल्यासारखा होत नाही, ते म्हणाले. मी रडकुंडीला आले.

तेवढ्यात सासूबाई पायरीवरून उठल्या. माळ्यावरचा स्टोव्ह त्यांनी आपल्या मुलाला काढायला लावला, पुसला, पेटवला. वरच्या तीन पायांवर तवा ठेवला. पायांमधल्या मोकळ्या जागेत त्याचं पोट बसलं आणि तो हलला नाही. आच बारीक, तवा कोमट असतानाच पीठ. पहिलं घावण जरा जाडच झालं, पण कडेपर्यंत शिजलं. आबांनी ते संपवलं आणि ताट पुढे केलं.

खाणं झाल्यावर मी तवा उचलायला गेले, तर सासूबाईंनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे गो. निवू दे त्याला."

"आई, तुम्हाला माहीत होतं? मीच नळाखाली धरत होते ते?"

"रोज बघत व्हती."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी स्टोव्हची हवा सोडली.

"तू इचारलास कवा? तू तर सांगत व्हतीस."