दोन्ही आईकडचे

नांदेडातल्या एका खासगी रुग्णालयाच्या तळमजल्यावर मी जनुकांच्या तपासण्या करते. खोलीत दोन यंत्रं, एक फ्रीज आणि मी. रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यातून येतात, नळीवर आकडा असतो. मी तपासते, अहवाल पाठवते. माणसं दिसत नाहीत.

आधी मी हैदराबादेत संशोधन करायचे. तिथं दुपारच्या चहाला आम्ही पाचजणं एकाच जनुकावरून तावातावानं भांडायचो. वडील आजारी पडले म्हणून परत आले. वडील गेले, मी इथंच राहिले. घरमालकीणबाई एकदा म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही रक्त तपासता म्हणजे शुगर का?" मी हो म्हणाले. तेव्हापासून गल्लीत मी शुगरवाल्या मॅडम आहे. दिवसाचे दिवस असे जातात, की संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलताना स्वतःचाच आवाज घोगरा लागतो.

एकदा लातूरहून एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडं देवणीजवळच्या खेड्यातली चार वर्षांची मुलगी येत होती. जन्मली तेव्हा कापडाच्या बाहुलीसारखी लुळी. अंगावर पिता येत नव्हतं, आईनं वाटी-चमच्यानं जगवली. दोन वर्षांनंतर उलटंच झालं. पोर खायला लागली, आणि पोट भरल्याचं तिला कळेनाच. जनावरांसमोरची भिजवलेली पेंडसुद्धा तोंडात घालायची.

"पुण्याहून जनुकांचा रिपोर्ट आणलाय त्यांनी," डॉक्टर म्हणाले. "सगळं नॉर्मल. घरचे म्हणतात, बघा, पोरीत काही नाही, आईनंच लाडावून ठेवली. पण माझं मन मानत नाही."

"कोणती तपासणी होती?"

त्यांनी वाचून दाखवलं. ती अक्षरं वाचणारी तपासणी होती. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर. अक्षर चुकलं, गळलं, तर ती तपासणी बहुतेकदा पकडते. पण मजकूर जसाच्या तसा असूनही पेशी तो वाचायचं बंद करू शकते. सी नावाच्या अक्षरावर मिथाइलचा इवलासा गट चिकटतो. अक्षर तेच राहतं, पण त्या खुणेला धरून काही प्रथिनं येतात. डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरच्या खुणाही मग बदलतात आणि गुंडाळी घट्ट आवळली जाते. वाचणारी यंत्रणा आत शिरूच शकत नाही. जनुक असतो, पण गप.

मी म्हणाले, "रक्त पाठवा. मला अक्षरं नाही, खुणा बघायच्यात."

ते बोलताना मला किती बरं वाटलं, हे सांगायला लाज वाटते. एका लेकराचं दुखणं होतं ते. पण कितीतरी दिवसांनी मला येतं ते कुणीतरी विचारलं होतं.

रक्त आलं. त्यातला डीएनए काढून बायसल्फाइटमध्ये ठेवला. हे रसायन मोकळ्या सीचं रूप बदलतं, मिथाइल चिकटलेल्या सीला मात्र हात लावत नाही. त्यामुळं एरवी न दिसणारी खूण अक्षरांतल्या फरकासारखी वाचता येते. पंधराव्या गुणसूत्रावर एक जागा आहे. तिथं आईकडून आलेल्या प्रतीवर मिथाइलची खूण असते आणि त्या भागातले काही जनुक गप असतात. बापाकडून आलेल्या प्रतीवर खूण नसते, ती बोलती असते. सगळ्या माणसांत असंच. म्हणून डीएनएचे तुकडे वेगळे करणाऱ्या जेलच्या थरावर दोन पट्ट्या दिसायला हव्यात, वरची आईची, खालची बापाची.

वरची लखलखत होती. खाली काहीच नव्हतं.

मी पुन्हा केलं. शेजारी माझंच रक्त लावलं, तुलनेसाठी. माझ्या दोन्ही पट्ट्या आल्या. मुलीची एकच.

निदान झालं होतं. त्या विकाराला लांबलचक परदेशी नाव आहे. पण बापाकडची प्रत का नाही, ते कळायला हवं होतं. अशा बहुतेक मुलांत तिचा तुकडा तुटून गळालेला असतो. मी आई-बापाचं रक्त मागवलं आणि तिघांची गुणसूत्रं ताडून पाहिली. तुकडा तुटलेला नव्हता. मुलीकडं पंधरावी गुणसूत्रं दोन होती, पूर्ण, धडधाकट, आणि दोन्ही आईकडून आलेली. अक्षरं बिनचूक होती, म्हणून पुण्याचा रिपोर्ट नॉर्मल होता. फक्त दोन्हीवर गप राहायची खूण होती.

अहवालात हे एका ओळीत लिहायचं असतं: 'दोन्ही प्रती मातेकडून.' मी ती ओळ लिहिली आणि हात थांबला. आधीच जिच्या माथी सगळं मारलंय त्या बाईच्या घरी हा कागद जाणार होता. मी डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, "तुम्हीच या. मला नाही समजावता येणार."

लोहा, अहमदपूर, चाकूर करत बस लातूरला पोचली, तोवर मी मनात तीनदा भाषण पाठ केलं होतं. दवाखान्यात चौघं बसली होती. मुलीची आई, सदतीस-अडतिसाची, काटकुळी. लग्नानंतर बारा वर्षांनी झालेलं हे एकच लेकरू. बाप खाली बघत बसलेला. बापाचा थोरला भाऊ शाळेत शिक्षक, पुण्याच्या रिपोर्टची फाइल त्यांच्याच मांडीवर. आणि मुलगी. गोल चेहरा, हात-पाय अगदी लहान. माझ्या पर्सकडं बघत म्हणाली, "खायला हाय का?"

आईनं तिचा हात ओढला, जोरात.

शिक्षकांनी सुरुवात केली. "मॅडम, ह्याच्यात साफ लिहिलंय, नॉर्मल. मंग तुमचा रिपोर्ट येगळा कसा?"

मी सांगितलं. अक्षरं ठीक आहेत, जनुक गप आहेत, त्यामुळं मेंदूला पोट भरल्याचा निरोप कळत नाही. ही भूक खरी आहे, हट्ट नाही. मग ती ओळही सांगितली, कारण कागदावर ती होतीच.

शिक्षक म्हणाले, "म्हंजे दोन्ही बी आईकडचेच. मंग खोट हिच्यातच हाय की."

पाठ केलेलं भाषण मी विसरले. त्या बाईकडंच वळले. "बाई, तुमच्यातही ही दोन गुणसूत्रं आहेत. एक तुमच्या आईचं, एक वडिलांचं. वडिलांचं तुमच्यात बोलतं, म्हणून तुम्ही धडधाकट आहात. पण बाईच्या अंगात बीज तयार होतं तेव्हा जुन्या खुणा पुसल्या जातात आणि दोन्हीवर आईची खूण बसते. तुमच्यात बोलणारं तेच गुणसूत्र, एक अक्षर न बदलता, मुलीत गेलं की गप होतं. सगळ्या बायांचं होतं. माझंही झालं असतं."

"सगळ्याच बायांचं?"

"सगळ्यांचं. बोलायचं काम बापाकडच्या प्रतीचं. ती हिच्याकडं राहिली नाही."

तेव्हा बापानं पहिल्यांदा मान वर केली. "माझं कुठं गेलं मंग?"

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी हळूहळू सांगितलं. आईच्या बीजात चुकून दोन आली असणार, तुमचं एक, मिळून तीन. तीन राहिली असती तर गर्भ टिकला नसता. सुरुवातीलाच पेशीनं त्यातलं एक टाकून दिलं, ते तुमचं निघालं. कुणी ठरवून केलं नाही. वय वाढलं की बीजात अशी चूक होण्याचा संभव वाढतो, पण खाण्यानं, वागण्यानं ती होत नाही. आणि दोन्ही बापाकडची आली असती तरी लेकरू आजारीच झालं असतं, दुसऱ्या रोगानं. दोघांचंही लागतं.

"टाकलं म्हणून जगली?" त्यानं विचारलं.

"हो."

तो उठला, मुलीला उचलून मांडीवर घेऊन बसला. शिक्षकांनी फाइल बंद केली.

आईच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती म्हणाली, "मी लई मारलं हिला, मॅडम. खाऊ नको म्हणून. मला वाटायचं, मुद्दाम करायली." मग म्हणाली, "हायत ना पण ते जनुक? पुसले न्हाईत?"

"आहेत. पूर्ण आहेत."

"मंग त्येला बोलतं करता येत न्हाई?"

जगात प्रयत्न चाललेत, हे मला ठाऊक होतं. आईकडच्या प्रतीवरची आवळलेली गुंडाळी सैल करायची, हिस्टोनवरच्या खुणा बदलायच्या, हे उंदरांवर आणि पेशींवर करून पाहिलेलं मी वाचलं होतं. तो विषय निघाला की हैदराबादेत आम्ही तासन्‌तास बोललो असतो. त्या खोलीत मी एवढंच म्हणाले, "आज तरी औषध नाही."

तिनं मान हलवली. त्या एका वाक्यासाठी मी इतकी शिकले का, असं वाटून गेलं.

पुढचं डॉक्टरांनी सांभाळलं. मोजून खाणं, वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं, स्वयंपाकघराला कुलूप. मी बसस्टँडवर आले. तिथं कोचिंगच्या पोरी पुस्तकं उघडून एकमेकींना जीवशास्त्राचे प्रश्न विचारत होत्या. एकीनं जनुकांविषयीच काहीतरी विचारलं, दुसरीनं झटक्यात बरोबर उत्तर दिलं. मला त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटलं. बस लागली, मी चढले.

दोन आठवड्यांनी त्या आईचा फोन आला. नंबर डॉक्टरांकडून घेतला होता. "काम काही न्हाई," म्हणाली. "गावात कुणाला सांगावं, कळंना. सांगितलं तर म्हणत्यात, जनुक गप कसा बसल? तुमाला म्हायती हाय, म्हणून केला." मग ती बोलत राहिली. शिक्षक भावजींनीच लातूरहून कुलूप आणलं, किल्ली तिच्याच कमरेला. सासूबाईंना अजून पटत नाही, पण पोरीला चोरून भाकर देणं थांबवलंय. पोर रडते, कधी डोकं आपटते, आता आई मारत नाही, बाहेर घेऊन जाते, दोघी बांधावरून चालत राहतात.

पुढं दर गुरुवारी, देवणीच्या बाजाराला आली की फोन करायची. मी दुपारचा डबा तोवर उघडत नसे. तिच्याशिवाय त्या वेळी माझा फोन कधी वाजायचा नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही. एकदा तिनंच विचारलं, "मॅडम, तुमच्या घरी कोण कोण असतं?" मी म्हणाले, "मीच." ती मेथी कशी निघाली ते सांगू लागली.

वर्षभरात पोरीचं वजन आटोक्यात आलं, शाळेत नाव घातलं. डॉक्टरांनी आईला सोलापूर, बीडकडच्या अशाच मुलांच्या आयांशी जोडून दिलं. त्यांचा फोनवर गट आहे. काय खायला द्यावं, कुलूप कसं लावावं, मुलांना शाळेत कसं सांभाळावं, हे त्या एकमेकींना सांगतात. ते मला माहीत नसतं.

आता तिचा फोन महिन्या-दोन महिन्यांनी येतो. घाईत असते, मागून पोरीचा आवाज येतो. चांगलंच आहे ते. गेल्या गुरुवारी मी डबा घेऊन वरच्या मजल्यावरच्या कॅन्टीनमध्ये गेले. एका टेबलावर दोन परिचारिका जेवत होत्या. मी विचारलं, "बसू का?" त्यांनी खुर्ची सरकवली आणि पुन्हा आपल्या बोलण्याला लागल्या.